हाउएव्हरच्या अलीकडे, हाउएव्हरच्या पलीकडे

मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेला अहवाल, अर्ज किंवा प्रबंध तपासायला घेतला की एक वाक्य हमखास भेटतं. शब्द बदलतात, विषय बदलतो, सांगाडा तोच राहतो.

> द रेन स्टॉप्ड, हाउएव्हर द ग्राउंड वॉज वेट.

स्पेलिंग बरोबर आहे, काळ बरोबर आहे, अर्थही कळतो. तरी हे वाक्य चुकलेलं आहे आणि चूक त्या एका स्वल्पविरामात आहे. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवण्याच्या या दोषाला इंग्रजीचे शिक्षक कॉमा स्प्लाइस म्हणतात. इंग्रजी ही ज्यांची मायबोली आहे तेही तो करतात. आपल्याकडे मात्र त्यामागे एक जास्तीचं कारण आहे आणि ते आपल्या शाळेच्या व्याकरणात सापडतं.

मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकात चिन्हं इंग्रजीतून आली, पण ती मराठी वाक्यात बसताना त्यांच्या जागा थोड्या हलल्या. शाळेत आपण अर्धविरामाचा नियम असा शिकतो: दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील, तर पहिल्या वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा. ‘आभाळ भरून आलं; पण पाऊस पडला नाही.’ म्हणजे आपला अर्धविराम ‘पण’च्या आधी येतो. आज लिहिताना बहुतेक जण तिथेही स्वल्पविरामच देतात आणि मराठीत त्याने काही बिघडत नाही.

इंग्रजीत हा हिशेब जवळजवळ उलटा आहे. ‘बट’च्या आधी स्वल्पविराम पुरतो, अर्धविरामाची गरज सहसा पडत नाही. ‘हाउएव्हर’च्या आधी मात्र स्वल्पविराम पुरत नाही, तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. आपल्या कानाला ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ सारखेच वाटतात, कारण दोन्हींच्या जागी ‘पण’ चालतं. ‘देअरफोर’ म्हणजे ‘म्हणून’, ‘अदरवाइज’ म्हणजे ‘नाहीतर’, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मराठीतले ‘पण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ हे सगळे जोडणारे शब्द आहेत, त्यामुळे त्यांचे इंग्रजी प्रतिशब्दही जोडणारेच असतील असं आपण नकळत धरून चालतो. इंग्रजीत ते तसे नाहीत.

इंग्रजीत दोन बरोबरीची वाक्यं स्वल्पविरामाच्या मदतीने जोडू शकणारे शब्द सातच मानले जातात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘ऑल्सो’, ‘मोअरओव्हर’, ‘अदरवाइज’ ही क्रियाविशेषणं आहेत. ती मागच्या वाक्याकडे बोट दाखवतात, पण मागच्या वाक्याला धरून ठेवत नाहीत. जोड नसलेल्या जागी जोड आहे असं समजून आपण स्वल्पविराम देतो आणि दोन वाक्यं मधे काहीही नसताना एकमेकांवर टेकलेली राहतात.

कोणता शब्द कोणत्या गटातला, हे पाठ करण्याची गरज नाही. तो शब्द वाक्यात सरकवून पाहायचा. ‘हाउएव्हर द ग्राउंड वॉज वेट’ मधला ‘हाउएव्हर’ मधे नेता येतो: ‘द ग्राउंड, हाउएव्हर, वॉज वेट’. शेवटीही नेता येतो: ‘द ग्राउंड वॉज वेट, हाउएव्हर’. आता ‘बट’ सरकवून पाहा. ‘द ग्राउंड, बट, वॉज वेट’ हे कुणीच म्हणणार नाही. जो शब्द जागचा हलतो तो जोडणारा नाही, त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम. जो हलत नाही तो जोडणारा, त्याच्या आधी स्वल्पविराम. ‘सो’ आणि ‘देअरफोर’ यांच्यातला फरकही असाच कळतो. ‘परिणामी’ या अर्थाचा ‘सो’ वाक्याच्या सुरुवातीलाच राहतो, ‘देअरफोर’ मात्र क्रियापदाच्या आसपास सहज फिरतो.

आता एक परिच्छेद घेऊ. कांद्याच्या चाळीवरच्या विद्यार्थी अहवालात शोभेल असा तो मुद्दाम रचलेला आहे आणि नेहमीच्या चारही चुका त्यात एकत्र आहेत.

> द स्टोअर हॅड गुड एअरफ्लो, हाउएव्हर द अनियन्स रॉटेड इन जुलै. द फ्लोअर वॉज डॅम्प, देअरफोर द बॉटम लेयर स्पॉइल्ड फर्स्ट. ऑल्सो द ड्रेन वॉज ब्लॉक्ड. बट, द टॉप लेयर वॉज सेफ.

हवा खेळती होती, पण जुलैत कांदा सडला. जमीन ओलसर होती म्हणून तळचा थर आधी गेला. शिवाय गटार तुंबलेलं होतं. पण वरचा थर वाचला. मराठीत सांगितलं तर हे सरळ वाहतं. इंग्रजीत प्रत्येक वाक्याशी थांबावं लागतं.

पहिल्या वाक्यात ‘हाउएव्हर’च्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम हवा: ‘द स्टोअर हॅड गुड एअरफ्लो; हाउएव्हर, द अनियन्स रॉटेड इन जुलै.’ ही दोन चिन्हं दोन वेगळी कामं करतात आणि म्हणून एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. अर्धविराम पहिलं वाक्य संपलं असं सांगतो. स्वल्पविराम ‘हाउएव्हर’ हा शब्द पुढच्या वाक्याचा नुसता उंबरठा आहे, त्याच्या रचनेचा भाग नाही असं सांगतो. मोठ्याने वाचून पाहिलं तर दोन्ही कानाला कळतात. ‘हाउएव्हर’च्या आधी आवाज खाली येऊन थांबतो, नंतर नुसता अडखळून पुढे जातो. ‘जिथे थांबावंसं वाटतं तिथे स्वल्पविराम’ या सल्ल्याने लोक इथेच फसतात. थांबणं दोन ठिकाणी आहे आणि त्यांचा दम सारखा नाही. पहिला थांबा लांब आहे, तो स्वल्पविरामात मावत नाही.

काही जण दोन्हीकडे स्वल्पविराम देतात: ‘द बस वॉज लेट, हाउएव्हर, वी कॉट द ट्रेन.’ हे जास्त सुबक दिसतं आणि जास्त घोटाळा करतं. वाचणाऱ्याला ‘हाउएव्हर’ कुणाचा हेच कळत नाही. कारण तो शब्द मागच्या वाक्याच्या शेवटीही बसू शकतो. समजा मागे लिहिलं आहे की रस्ते मोकळे होते. मग असं वाक्य येऊ शकतं:

> द बस वॉज लेट, हाउएव्हर. वी मिस्ड द ट्रेन.

रस्ते मोकळे असूनही बस उशिरा आली आणि त्यामुळे गाडी चुकली. इथे विरोध रस्ते आणि बस यांच्यात आहे. आता दुसरं वाक्य:

> द बस वॉज लेट. हाउएव्हर, वी कॉट द ट्रेन.

इथे बस उशिरा आली, तरी गाडी मिळाली. विरोध बस आणि गाडी यांच्यात आहे. शब्द जवळजवळ तेच आहेत. पूर्णविराम किंवा अर्धविराम ‘हाउएव्हर’च्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावर तो कोणत्या वाक्याचा हे ठरतं. दोन्हीकडे स्वल्पविराम दिला की हा निर्णय लिहिणाऱ्याने घ्यायचा तो वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

‘हाउएव्हर’नंतरचा स्वल्पविराम गाळला तर वेगळाच धोका आहे, कारण या शब्दाला ‘कसंही, कितीही’ असा दुसरा अर्थ आहे. ‘हाउएव्हर, द फार्मर्स स्टोअर्ड द अनियन्स’ म्हणजे ‘तरीही शेतकऱ्यांनी कांदा साठवला’. स्वल्पविराम काढा: ‘हाउएव्हर द फार्मर्स स्टोअर्ड द अनियन्स’ म्हणजे ‘शेतकऱ्यांनी कांदा कसाही साठवला तरी’, आणि वाचणारा पुढे काय झालं याची वाट बघत बसतो. पूर्णविराम आला की तो गोंधळून मागे येतो. वाचकाला असं परत फिरायला लावणं हेच या चुकीचं खरं नुकसान आहे. विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या छोट्या लेखनपुस्तिकेत ‘तरीही’ या अर्थाचा ‘हाउएव्हर’ वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या सुरुवातीला ठेवूच नये असं सांगितलं होतं. आज हा नियम इतका कडक कुणी पाळत नाही, पाळायची गरजही नाही. सुरुवातीला ठेवायचा तर स्वल्पविराम विसरायचा नाही, एवढं पुरे.

तरी त्या जुन्या सल्ल्यात एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. ‘हाउएव्हर’ आत नेला की त्याच्या आधीच्या शब्दावर जोर येतो. आपल्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य बघा. ‘बट, द टॉप लेयर वॉज सेफ’ यात ‘बट’नंतरचा स्वल्पविराम चूक आहे. ‘बट’ स्वतःच जोडणारा शब्द, त्याच्यानंतर थांबायचं नसतं. तो स्वल्पविराम काढला की वाक्य शुद्ध होतं. पण लिहिणाऱ्याला सांगायचं आहे ते तळच्या थराविरुद्ध वरच्या थराबद्दल. मराठीत आपण इथे सहज म्हणू, ‘वरचा थर मात्र वाचला.’ आपलं ‘मात्र’ वाक्यात पहिलं येत नाही, ज्या शब्दाला वेगळं काढायचं त्याच्या पाठीशी उभं राहतं. इंग्रजीत हेच काम असं होतं:

> द टॉप लेयर, हाउएव्हर, वॉज सेफ.

‘मात्र’ जिथे बसलं असतं तिथे ‘हाउएव्हर’ ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यायचा. इथे अर्धविरामाचा संबंध नाही, कारण वाक्य एकच आहे. दोनपैकी एकच स्वल्पविराम देणं ही चूक मात्र फार दिसते: ‘द टॉप लेयर, हाउएव्हर वॉज सेफ.’ जोडी उघडली की बंद करायची, कंसासारखी.

आता अर्धविराम कधी आणि पूर्णविराम कधी. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असतात, म्हणून हा प्रश्न चवीचा मानून सोडून दिला जातो. मला तो तसा वाटत नाही. ‘हाउएव्हर’ कशाच्या विरोधात उभा आहे, त्यावर उत्तर ठरतं. अर्धविराम त्याला फक्त लगतच्या मागच्या वाक्याशी बांधतो. हवा खेळती होती, तरी कांदा सडला. विरोध एका वाक्यापुरता आहे, दोन्ही बाजू छोट्या आहेत, म्हणून अर्धविराम शोभतो. पण समजा आधी चार वाक्यांत चाळीची वाखाणणी झाली आहे: जागा उंचावर होती, हवा खेळती होती, छप्पर नवं होतं, कांदा नीट वाळवून भरला होता. आता ‘तरीही कांदा सडला’ हे या सगळ्याच्या विरोधात आहे. इथे अर्धविराम दिला तर विरोध फक्त शेवटच्या वाक्याशी, म्हणजे कांदा वाळवण्याशी, जोडला जातो. पूर्णविराम देऊन ‘हाउएव्हर’ने नवं वाक्य सुरू केलं की तो अख्ख्या परिच्छेदावर वळतो. दुसरं वाक्य लांब असेल किंवा त्यात आधीच दोन-तीन स्वल्पविराम असतील, तरीही पूर्णविरामच बरा.

अर्धविरामाची एक अट कधीही ढिली होत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभी राहणारी वाक्यं हवीत. ‘ऑल्दो द स्टोअर वॉज न्यू; द अनियन्स रॉटेड’ हे चूक आहे, कारण ‘चाळ नवी असली तरी’ एवढ्याने वाक्य पुरं होत नाही. तिथे स्वल्पविराम. आणि आपल्या ‘जरी… तरी’च्या सवयीने त्या स्वल्पविरामानंतर ‘बट’ही घालायचा नाही. मराठीत जोडीचे शब्द दोन्हीकडे लागतात, इंग्रजीत एकीकडे लावला की पुरतो.

टाइप करताना अर्धविरामाच्या आधी जागा सोडायची नाही, नंतर एक सोडायची. त्याच्यापुढचं ‘हाउएव्हर’ लहान अक्षराने सुरू होतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे इथे लक्ष राहत नाही, आणि अर्धविरामानंतरचं मोठं अक्षर तपासणाऱ्याच्या नजरेला लगेच खुपतं.

‘देअरफोर’चं वागणं थोडं वेगळं आहे. दोन वाक्यांच्या मधे आला तर नियम तोच: ‘द फ्लोअर वॉज डॅम्प; देअरफोर, द बॉटम लेयर स्पॉइल्ड फर्स्ट.’ आधीचा अर्धविराम सक्तीचा आहे, नंतरचा स्वल्पविराम तेवढा सक्तीचा नाही. ‘हाउएव्हर’ला दुसरा अर्थ आहे म्हणून तिथे स्वल्पविराम वाचवतो. ‘देअरफोर’ला तसा दुसरा अर्थ नाही, त्यामुळे गैरसमज होत नाही. वाचताना थांबा नको असेल तर असे स्वल्पविराम गाळता येतात, हे शिकागोची शैलीपुस्तिकाही मान्य करते. ‘अँड देअरफोर’ असं आलं तर बहुधा काहीच लागत नाही: ‘डॅम्प अँड देअरफोर अनसेफ’. क्रियापदाच्या पोटातही तेच. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात ‘इट इज, देअरफोर, रिक्वेस्टेड’ असं दोन स्वल्पविरामांनी लिहिण्याची जुनी रीत आहे. ती चूक नाही, पण जड आहे. ‘इट इज देअरफोर रिक्वेस्टेड’ तितकंच शुद्ध आणि हलकं वाचलं जातं. दोन द्या किंवा एकही देऊ नका.

कधीकधी ‘देअरफोर’ काढूनच टाकावा. ‘द फ्लोअर वॉज डॅम्प; द बॉटम लेयर स्पॉइल्ड फर्स्ट.’ ओलसर जमीन आणि सडलेला तळचा थर यांचं नातं वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. अर्धविराम दोन्ही वाक्यं शेजारी बसवतो आणि कारण आपोआप उमटतं. अर्धविराम सर्वांत देखणा दिसतो तो अशा ठिकाणी, शब्दाची जागा घेताना. ‘हाउएव्हर’च्या बाबतीत हे क्वचितच जमतं, कारण विरोध न सांगता कळेलच असं नसतं. आणि एका परिच्छेदात असा एकच अर्धविराम असावा. तीन आले की प्रत्येक वाक्य तराजूसारखं डोलायला लागतं.

राहिला ‘ऑल्सो’. वाक्याच्या सुरुवातीला ‘शिवाय’ या अर्थाने आला तर स्वल्पविराम हवा: ‘ऑल्सो, द ड्रेन वॉज ब्लॉक्ड.’ व्याकरण सुटतं, पण वाक्य लंगडंच राहतं. ‘ऑल्सो’ने सुरुवात केली की काहीतरी आठवलं म्हणून मागून चिकटवलं असं वाटतं. बोलण्यात ते खपतं, अहवालात नाही. अर्धविराम लावूनही त्यात बळ येत नाही. त्याची स्वाभाविक जागा क्रियापदाजवळ आहे: ‘द ड्रेन वॉज ऑल्सो ब्लॉक्ड’. तिथे स्वल्पविराम लागत नाही. मात्र एक रचना अशी आहे की ‘ऑल्सो’ पहिला येऊनही त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा नसतो. ‘ऑल्सो प्रेझेंट वॉज द सरपंच’ यात वाक्य उलटं फिरवलेलं आहे, ‘ऑल्सो’ थेट ‘प्रेझेंट’ला चिकटलेला आहे. तिथे स्वल्पविराम दिला तर एक जोडी तुटते.

आपल्या परिच्छेदात तर गटार हे आणखी एक निरीक्षण नाहीच, ते ओलसर जमिनीच्या सोबतचं कारण आहे. ‘ऑल्सो’ लिहिल्यामुळे ते परिणामाच्या नंतर, एकटं पडलं. ते उचलून आधीच्या वाक्यात ‘अँड’ने जोडलं की विरामचिन्हाचा प्रश्नच उरत नाही. ‘ऑल्सो’पाशी अडखळलं की मी आधी हेच बघतो, हा मुद्दा चुकीच्या जागी तर आला नाही ना. सगळं बसवलं की परिच्छेद असा होतो:

> द स्टोअर हॅड गुड एअरफ्लो, बट द अनियन्स रॉटेड इन जुलै. द ड्रेन वॉज ब्लॉक्ड अँड द फ्लोअर वॉज डॅम्प; देअरफोर, द बॉटम लेयर स्पॉइल्ड फर्स्ट. द टॉप लेयर, हाउएव्हर, वॉज सेफ.

पहिल्या वाक्यात ‘हाउएव्हर’ ऐवजी ‘बट’ घेतला, कारण शेवटच्या वाक्यात ‘हाउएव्हर’ची खरी गरज होती आणि तीन ओळींत तो दोनदा नको. ‘बट’ आल्यामुळे स्वल्पविराम पुरला. एरवीही ‘हाउएव्हर’पाशी अडलं तर ‘बट’ घालून पाहावा. अनेकदा वाक्य छोटंही होतं आणि जास्त ठामही.

लांब मजकूर तपासायचा असेल तर डोळ्यांवर विसंबू नये. वर्डमध्ये Ctrl+F दाबून स्वल्पविरामासकट शब्द शोधावेत:

```
, however
, therefore
, moreover
, otherwise
, also
```

प्रत्येक ठिकाणी डावीकडे मागच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचं आणि उजवीकडे पुढच्या पूर्णविरामापर्यंत. दोन्ही तुकडे एकेकटे पूर्ण वाक्य म्हणून उभे राहत असतील तर तो स्वल्पविराम काढून अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यायचा. एक तुकडा अपुरा असेल, जसा ‘द टॉप लेयर’, तर शब्द वाक्याच्या पोटात आहे. मग फक्त बंद करणारा दुसरा स्वल्पविराम आहे ना ते बघायचं. त्यानंतर `But,` आणि `So,` शोधावेत. त्यांच्यानंतर एखादा शब्दसमूह मधे घातलेला नसेल, तर तो स्वल्पविराम काढून टाकायचा. शेवटी नुसतं `However` मोठ्या अक्षराने, ‘मॅच केस’ चालू करून. त्याच्यानंतर स्वल्पविराम नसेल तर लिहिणाऱ्याला ‘तरीही’ म्हणायचं होतं की ‘कसंही’, हे पुढचं वाक्य वाचून ठरवायचं.